सत्तेचाळीसाव्या छायाचित्रात मजकूर नव्हता

एका संस्थेने आपल्या जुन्या सभांची टंकलिखित इतिवृत्तं मोबाइलने पानापानाने टिपून पाठवली होती. छायाचित्रांतला मजकूर संगणकावर उतरवायचा आणि प्रत्येक छायाचित्रासाठी वेगळी मजकूर-फाइल द्यायची, असं काम होतं. आधी अक्षर-ओळख करणारा प्रोग्रॅम चालतो, मग एक जण त्याच्या चुका दुरुस्त करतो, आणि शेवटी दुसरा कुणीतरी मूळ छायाचित्राशी पडताळतो. या संचाची पडताळणी माझ्याकडे होती.

`IMG_0047.jpg` या छायाचित्राच्या मजकूर-फाइलमध्ये चार ओळी होत्या: «सदर विषयावर सविस्तर चर्चा करण्यात आली. / ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला. / सूचक व अनुमोदक यांच्या नावांची नोंद घेण्यात आली. / पुढील कार्यवाही सचिवांनी करावी.»

भाषा बिनचूक, शुद्धलेखन नीट, इतिवृत्ताचा सूरही बरोबर. आधीचं पान, म्हणजे शेहेचाळीस, «त्यावर चर्चा होऊन» इथे अर्ध्यावर थांबलं होतं. अठ्ठेचाळीस «विषय क्रमांक ५» पासून सुरू होत होतं. मधल्या जागेत या चार ओळी अगदी चपखल बसत होत्या. मात्र छायाचित्रात त्यांतलं एकही अक्षर नव्हतं.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण एवढंच की इथे कुणी खोटेपणा केला नव्हता. दुरुस्ती करणाऱ्या सहकारी काळजीपूर्वक काम करणाऱ्या आहेत. तरीही एक ठराव, ज्याचं पुढे काय झालं हे कुणालाच माहीत नव्हतं, तो कागदोपत्री «सर्वानुमते मंजूर» झाला होता. असं होतं कसं, आणि ते ओळखायचं कसं, हा इथला विषय आहे.

आधी छायाचित्रात खरोखर काय होतं ते सांगतो. पातळ, पिवळसर कागदाचं एक पान. उजव्या कडेला बांधणीची सावली. वरच्या बाजूला, मध्यापासून जरा डावीकडे, टाचणीच्या गंजाचे दोन ठिपके आणि त्यांना जोडणारी पुसट तपकिरी रेघ. पानाच्या खालच्या तिसऱ्या भागात फिकट करड्या रंगाच्या चार आडव्या पट्ट्या. बाकी कागद आणि कागदाचे तंतू. पडद्यावर छोट्या आकारात पाहिलं तर त्या चार पट्ट्या हुबेहूब चार पुसट ओळींसारख्या दिसतात. इथे काहीतरी लिहिलेलं होतं आणि ते उडून गेलं, असं पाहणाऱ्याला सहज वाटतं.

प्रोग्रॅमला तर ते वाटण्याची गरजच नव्हती. त्याला तसं सांगूनच ठेवलं होतं. काम टेसरॅक्ट या अक्षर-ओळख प्रोग्रॅमवर चाललं होतं आणि संपूर्ण संचाला एकच आज्ञा लावलेली होती:

```
tesseract IMG_0047.jpg stdout -l mar --psm 6
```

यातला `--psm 6` म्हणजे «या चित्रात मजकुराचा एकच सलग ठोकळा आहे असं धरून चाल». इतिवृत्तांच्या पानांवर कधीकधी उपस्थितांची यादी दोन रकान्यांत असते आणि प्रोग्रॅम रकाने उलटसुलट जोडतो, म्हणून ही सोय केली होती. टंकलेल्या पानांसाठी ती योग्यच होती. पण ज्या पानावर मजकूरच नाही त्याच्या बाबतीत «इथे काही आहे का?» हा प्रश्न या एका आकड्याने आधीच निकालात काढला होता. तीच प्रतिमा `--psm 3` वर, म्हणजे पानाची मांडणी स्वतः शोधायला लावून चालवली तेव्हा `Empty page!!` एवढाच संदेश आला आणि मजकूर काहीच नाही. फाइल तीच होती, बदललं होतं ते फक्त गृहीतक.

दुसरी गोष्ट त्याआधी घडते आणि ती पुष्कळांच्या नजरेतून सुटते. अक्षरं ओळखण्यापूर्वी प्रोग्रॅम चित्राचं निव्वळ काळं-पांढरं रूप करतो. त्यासाठी टेसरॅक्ट मुळात जी पद्धत वापरतो ती नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ साली मांडली. कल्पना सुंदर आहे: चित्रातल्या सगळ्या बिंदूंची उजळपणानुसार विभागणी पाहायची आणि दोन गट एकमेकांपासून जास्तीत जास्त वेगळे पडतील अशा जागी रेघ मारायची. रेघेच्या खालचं काळं, वरचं पांढरं. टंकलेल्या पानावर दोन गट खरोखर असतात. शाईचे बिंदू ० ते २५५ या मोजपट्टीवर पन्नाशी-साठीच्या आसपास आणि कागदाचे दोनशेच्या पुढे. मधे मोकळं मैदान. रेघ कुठेही पडली तरी अक्षरं साबूत राहतात.

सत्तेचाळीसच्या पानावर शाईचा गट नव्हताच. बांधणीची सावली सोडली तर बहुतेक बिंदू १९० ते २२५ च्या दरम्यान होते. पण या पद्धतीला «गट एकच आहे, रेघ मारण्यात अर्थ नाही» असं म्हणता येत नाही. ती रेघ मारतेच. मग रेघ कागदाच्या स्वतःच्या छटांमध्येच पडते, आणि कागदाचा जो भाग जरासा मळकट आहे तो शाईसारखा कुळकुळीत काळा होऊन बसतो. प्रोग्रॅम नेमकं काय वाचत होता ते `tessedit_write_images` हा पर्याय चालू करून पाहता येतं. मी ते पाहिलं. मूळ छायाचित्रात जेमतेम जाणवणाऱ्या त्या चार पट्ट्या तिथे तुटक पण ठसठशीत काळ्या रेघा झाल्या होत्या, आणि त्यांच्या खाली कागदाच्या तंतूंचे काळे ठिपके लोंबत होते.

आडवी रेघ आणि तिच्याखाली लोंबणारे आकार म्हणजे देवनागरी ओळखायला शिकवलेल्या प्रोग्रॅमसाठी शिरोरेषा आणि अक्षरं. त्याने आपलं काम केलं. आज्ञेच्या शेवटी `tsv` जोडलं की प्रत्येक शब्दासमोर त्याच्या खात्रीचा आकडा मिळतो, ० ते १०० यांमधला. दुसऱ्या पट्टीचं उत्तर असं होतं:

```
conf    text
18.42   ठ.
31.07   सव
9.65    ना|
27.90   मर
```

त्याच संचातल्या नीट टंकलेल्या पानांवर हाच आकडा बहुतेक शब्दांना नव्वदीच्या घरात होता. म्हणजे प्रोग्रॅम स्वतःच सांगत होता की मला यातलं काही धड दिसत नाही. पण दुरुस्तीसाठी जी साधी मजकूर-फाइल पुढे जाते तिच्यात हे आकडे जात नाहीत. तिथे फक्त `ठ. सव ना| मर` एवढंच पोहोचतं.

आता दुरुस्ती करणाऱ्याच्या जागी बसून पाहा. हे काम करणाऱ्याचा दिवस अशाच तुकड्यांतून शब्द उभे करण्यात जातो. «सवानमते» दिसलं की «सर्वानुमते», «मजूर» दिसलं की «मंजूर». रफार आणि अनुस्वार हरवणं ही या प्रोग्रॅमची नेहमीची खोड, आणि ती भरून काढणं हेच तर दुरुस्तीचं कौशल्य. समोर `ठ. सव ना| मर` आहे, आधीचं पान «त्यावर चर्चा होऊन» म्हणून थांबलंय, आणि इतिवृत्तात या जागी काय येतं हे शंभर वेळा वाचून पाठ झालेलं. «ठराव सर्वानुमते मंजूर» हे त्या तुकड्यांतून जणू आपोआप वर येतं. एक ओळ अशी जमली की उरलेल्या तीन त्या ओळीच्या आधाराने जमतात. बनावट मजकूर बहुतेक वेळा असाच तयार होतो, प्रत्येक पायरीवर थोडाथोडा, आणि प्रत्येक पायरी आपापल्या जागी समंजस दिसते.

मला पहिला संशय आला तो मात्र प्रोग्रॅमच्या आकड्यांवरून नाही. छायाचित्र पूर्ण आकारात उघडल्यावर चौथी पट्टी अर्धीच दिसली, आणि ती पानाच्या उजव्या कडेला चिकटून होती. मराठी परिच्छेदाची शेवटची ओळ आखूड असेल तर ती डावीकडून सुरू होऊन मध्येच संपते. उजवीकडे चिकटून डावीकडे मोकळी राहत नाही. असं दिसायला एकच साधं कारण असतं: आपण ओळ उलट बाजूने पाहतोय.

ते तपासणं सोपं आहे. इमेजमॅजिक या चित्रांवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमने चित्र आरशात पाहिल्यासारखं उलटं करायचं आणि त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूशेजारी ठेवायचं:

```
magick IMG_0047.jpg -flop f47.png
```

शेहेचाळीस ही त्याच कागदाची पुढची बाजू. दोन्ही चित्रं एकाच उंचीची करून शेजारी ठेवली, तर चार पट्ट्यांची जागा शेहेचाळीसच्या शेवटच्या चार ओळींशी तंतोतंत जुळली. आखूड पट्टी म्हणजे «त्यावर चर्चा होऊन» हीच ओळ होती, मागून पाझरलेली. पातळ कागदावर टंकयंत्राचा ठसा आरपार दिसतो, त्यातलाच हा प्रकार. इथे देवनागरीची एक खास अडचण आहे. अक्षर उलटं झालं की अक्षर राहत नाही, पण शिरोरेषा आरशात उलटी केली तरी शिरोरेषाच दिसते. त्यामुळे मागच्या बाजूची ओळ प्रोग्रॅमला आणि माणसाला, दोघांनाही, पुढच्या बाजूची ओळ वाटू शकते.

पट्ट्यांचा उलगडा झाला. पण पट्ट्या मागच्या बाजूच्या आहेत एवढ्यावरून पुढच्या बाजूला काही नव्हतं असं ठरत नाही. एखादी फार पुसट झालेली ओळ उरलेल्या जागेत असू शकते. म्हणून «वाचता येण्यासारखं काही नाही» असं लिहिण्यापूर्वी तिलाही संधी द्यावी लागते, आणि हा भाग घाईने उरकू नये असं माझं ठाम मत आहे. नाही म्हणणं हेसुद्धा एक वाचन आहे. त्यालाही पुरावा लागतो.

पहिला प्रश्न फाइलचा. ती वाटेत लहान झाली आहे का, अर्धवट चढवली गेली आहे का, फिरवली गेली आहे का? अर्धवट आलेल्या जेपीईजी फाइलचा खालचा भाग सपाट करड्या रंगाचा दिसतो, आणि निरोप पाठवणाऱ्या अ‍ॅपमधून आलेली चित्रं बऱ्याचदा आकाराने आक्रसलेली असतात. ही फाइल ४००० गुणिले ३००० बिंदूंची, पूर्ण होती. ए-४ पान त्यात जवळजवळ भरून बसलं होतं, म्हणजे इंचाला साधारण ३०० बिंदू. टंकलेल्या अक्षराला तेवढं भरपूर होतं.

दुसरा प्रश्न छायाचित्र हललं आहे का, हा. याचं उत्तर त्या गंजाच्या ठिपक्यांनी दिलं. त्यांच्या कडा धारदार होत्या, आजूबाजूचे कागदाचे तंतू सुटेसुटे मोजता येत होते. जे छायाचित्र तंतू दाखवतं ते टंकयंत्राचं अक्षर लपवणार नाही. याउलट तंतूही धूसर असते तर मला वेगळं काहीतरी लिहावं लागलं असतं: मजकूर असेल किंवा नसेल, हे छायाचित्र ते सांगण्याच्या लायकीचं नाही.

तिसरा प्रश्न उडालेल्या शाईचा. त्यासाठी रंगांचे थर वेगळे करून प्रत्येकाचा उठाव ताणून पाहिला:

```
magick IMG_0047.jpg -channel R -separate +channel -contrast-stretch 1%x1% r47.png
magick IMG_0047.jpg -channel B -separate +channel -contrast-stretch 1%x1% b47.png
```

निळी शाई किंवा निळा कार्बन लाल प्रकाश शोषून घेतो, म्हणून लाल थरात तो सगळ्यात गडद दिसतो. तपकिरी पडलेली शाई, डाग आणि गंज निळ्या थरात उठून येतात. निळ्या थरात गंजाची रेघ ठळक झाली आणि तिच्याभोवती एका चौकोनाची अगदी हलकी कड दिसली, आतला कागद बाहेरच्यापेक्षा जरा कमी पिवळा. लाल थरात पाझरलेल्या पट्ट्यांखेरीज काही नव्हतं. अक्षराचा आकार कुठल्याच थरात नाही.

इथे एक सावधगिरी. उठाव ताणला की कागदाचा प्रत्येक कण ओरडायला लागतो. ताणलेल्या चित्रात पुरेसा वेळ पाहत बसलं तर हवी ती अक्षरं दिसू लागतात, ढगांत चेहरे दिसावेत तशी. म्हणून ताणलेल्या चित्रात काही दिसलं तर ते न ताणलेल्या चित्रात, त्याच जागी, निदान खुणेपुरतं तरी सापडायला हवं. न सापडलं तर ते सोडून द्यावं.

यापुढची कसोटी मला सगळ्यात भरवशाची वाटते आणि ती कुणालाही करता येते. चित्रात अगदी किरकोळ बदल करायचा, म्हणजे एक अंश फिरवायचं, आकार नव्वद टक्के करायचा, कडेचे थोडे बिंदू कापायचे, आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवायचा. शेहेचाळीसच्या पानावर हे केलं तेव्हा उत्तरं जवळपास तीच आली, एखादा अनुस्वार इकडेतिकडे. सत्तेचाळीसवर दर वेळी वेगळाच पाचोळा आला. एकदा `ठ. सव ना|`, एकदा `म _ रत`, एकदा नुसते उभे दंड. पानावर अक्षर खरोखर असेल तर ते एवढ्याने जागा सोडत नाही.

ही कसोटी टेसरॅक्टसारख्या प्रोग्रॅमला लागू पडते. अलीकडच्या काही ओळख-प्रणाल्या एक अक्षर लिहिल्यावर पुढचं अक्षर चित्रावरून आणि आधी लिहिलेल्या अक्षरांवरून मिळून ठरवतात. चित्रात काहीच नसेल तेव्हा सगळा भार आधीच्या अक्षरांवर आणि शिकवलेल्या भाषेवर पडतो, आणि कोऱ्या पानातून स्वच्छ, व्याकरणशुद्ध वाक्य बाहेर येऊ शकतं. तिथे पाचोळा दिसत नाही, त्यामुळे सावध करणारं काही उरत नाही. अशा वेळी मी उलटी चाचणी करतो: त्याच मांडणीत एक पूर्ण कोरं पांढरं चित्र देऊन पाहतो. त्यावरही वाक्य आलं, तर कोऱ्या चित्रावर ही प्रणाली गप्प राहत नाही हे कळतं, आणि मग तिने कुठल्याही पुसट पानावर दिलेलं वाक्य पुरावा म्हणून धरता येत नाही.

शेवटी माणसाची चाचणी. दुसऱ्या एका सहकाऱ्याला फक्त हे एक छायाचित्र दिलं. फाइलचं नाव बदललेलं, आधीचं-नंतरचं पान नाही, संच कशाचा आहे हेही नाही. «यात काय लिहिलंय?» असं विचारलं नाही, कारण त्या प्रश्नातच काहीतरी लिहिलेलं आहे हे येतं. «यात काय दिसतं ते लिहून द्या» एवढंच सांगितलं. त्यांनी लिहून दिलं: टाचणीचा गंज, मागच्या बाजूचे ठसे, बाकी काही नाही. शेजारची पानं वाचलेली नसली की «सर्वानुमते» दिसत नाही.

आता अहवालात काय लिहायचं? या टप्प्यावर दुरुस्ती करणाऱ्या सहकाऱ्यांशी माझं बोलणं झालं. त्यांचा मुद्दा रास्त होता. त्या म्हणाल्या, «अहो, इतिवृत्तात चर्चा होऊन म्हटल्यावर दुसरं काय येणार? निदान कंसात तरी ठेवू या.» कंसात ठेवण्याची परंपरा खरीच आहे. शिलालेख आणि जुनी हस्तलिखितं छापणाऱ्या अभ्यासकांनी १९३१ साली लायडन इथे जे संकेत ठरवले, त्यांत संपादकाने भरून काढलेली अक्षरं चौकटी कंसात टाकतात, म्हणजे वाचणाऱ्याला दगडावरचं कोणतं आणि संपादकाचं कोणतं ते कळतं. पण ती सोय जिथे मजकूर होता आणि तुटला तिथे आहे. तुटलेल्या कडा, उरलेल्या अक्षरांचे पाय, मोकळ्या जागेची लांबी यांचा त्याला आधार असतो. आपल्याकडे या पानावर कधी काही लिहिलं होतं याचाच पुरावा नव्हता. आणि «चर्चा होऊन» नंतर मंजुरीच येते असंही नाही. नामंजूर येतं, तहकूब येतं, दुरुस्तीसह मंजूर येतं, मतदान येतं. नेहमीचं वाक्य हे नेहमीचं असतं एवढंच, त्या दिवशी तेच झालं याचा तो दाखला नव्हे.

«[कोरे पान]» लिहून मोकळं व्हावं का, हाही विचार झाला. छापील पुस्तकं डिजिटल करणाऱ्या डिस्ट्रिब्यूटेड प्रूफरीडर्स या स्वयंसेवी प्रकल्पात कोऱ्या पानासाठी `[Blank Page]` अशी ठरलेली खूण आहे. पण तिचा नियम असा की चित्र आणि मजकूर दोन्ही कोरे असतील तरच ती वापरायची. एकात काही आहे आणि दुसऱ्यात नाही, अशी विसंगती असेल तर ती वेगळी कळवायची. आपल्याकडे नेमकी विसंगती होती. आधीचं वाक्य अर्धवट होतं, गंज होता, फिकट चौकोन होता. तेव्हा मजकूर-फाइलमधल्या चारही ओळी काढल्या आणि तिथे हे ठेवलं:

«[या छायाचित्रात वाचता येण्यासारखा मजकूर नाही. खालच्या भागातल्या चार फिकट पट्ट्या मागील बाजूच्या, म्हणजे IMG_0046 च्या शेवटच्या चार ओळींच्या, आहेत. वरच्या बाजूस मध्यापासून किंचित डावीकडे टाचणीचा गंज आणि त्याभोवती फिकट चौकोनी कड दिसते. IMG_0046 मधले शेवटचे वाक्य अपूर्ण आहे, त्याचा पुढचा भाग या संचात आढळला नाही.]»

पाठवणाऱ्यांचा दुसऱ्या दिवशी फोन आला. त्यांचा पहिला प्रश्न होता, «वाचता येत नाही म्हणजे पान कोरं आहे का?»

मी म्हटलं, «छायाचित्रात मजकूर नाही एवढं खात्रीने सांगतो. पानावर पेन्सिलीने काही लिहून खोडलं असेल, किंवा नुसता दाब उमटला असेल, तर तो समोरून टिपलेल्या छायाचित्रात दिसत नाही. मूळ पान तिरप्या उजेडात धरून पाहावं लागेल, आणि ते तुमच्याकडे आहे.»

«मग आधी त्या चार ओळी आल्या होत्या त्या?»

«त्या छायाचित्रातून आलेल्या नाहीत. त्या काढल्यात. त्यांच्यावर विसंबून काही केलं असेल तर ते मागे घ्या.»

हे शेवटचं वाक्य सांगणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. चुकीच्या ओळी नुसत्या गुपचूप बदलल्या तर पहिली फाइल कुणाच्या तरी संगणकात तशीच राहते, आणि दोन वर्षांनी कुणीतरी तिच्या आधारे «ठराव मंजूर झालेला आहे» असं लिहितं.

गंजाचा आणि चौकोनाचा उल्लेख वाचून त्यांनी मूळ कागदांची फाइल उघडून पाहिली. छायाचित्रं काढताना पानांना टाचलेल्या सुट्या चिठ्ठ्या अडचण नको म्हणून काढून फाइलच्या मागच्या खिशात ठेवल्या होत्या. त्यातल्या एका चिठ्ठीला वर दोन गंजलेली भोकं होती आणि ती त्या फिकट चौकोनावर बरोबर बसत होती. चिठ्ठीखाली झाकलेला कागद कमी पिवळा पडला होता, म्हणून तो चौकोन. त्यांनी तिरप्या उजेडात पानही पाहिलं, त्यावर दाब किंवा खोडाखोड नव्हती. चिठ्ठीचं छायाचित्र त्यांनी पाठवलं. तिच्यावर टंकलेल्या दोन ओळी होत्या. पहिली स्पष्ट: «सदर विषय पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवण्यात येत आहे.» दुसरीचा उजवा भाग घडीवर झिजलेला. त्यांच्याखाली दोन सह्या.

म्हणजे जो ठराव आमच्या फाइलमध्ये एक दिवस सर्वानुमते मंजूर होता, तो त्या सभेत मंजूर झालाच नव्हता.

चिठ्ठीसाठी वेगळी मजकूर-फाइल केली आणि सत्तेचाळीसच्या नोंदीत तिचा निर्देश दिला. सत्तेचाळीसची नोंद मात्र बदलली नाही. चिठ्ठी सापडली म्हणून त्या छायाचित्रात मजकूर आला असं होत नाही. चिठ्ठीतली झिजलेली जागा «[अवाच्य, अंदाजे दोन शब्द]» म्हणून ठेवली, कारण तिथे शाईच्या खुणा दिसतात, म्हणजे मजकूर आहे पण वाचता येत नाही. सत्तेचाळीसची गोष्ट यापेक्षा वेगळी होती आणि दोन्हींसाठी एकच शब्द वापरला असता तर हा फरक पुसला गेला असता.

कामाच्या पद्धतीत दोन बदल केले. प्रत्येक छायाचित्र आता आधी `--psm 3` ने एकदा चालवलं जातं आणि ज्यावर काही सापडत नाही किंवा ज्यातल्या शब्दांची सरासरी खात्री पन्नासच्या खाली जाते ते दुरुस्तीकडे न जाता थेट माणसाच्या नजरेखाली येतं. पन्नास हा आकडा या संचापुरता ठरवला आहे. वेगळ्या टंकाला, वेगळ्या कागदाला तो वेगळा लागेल, आणि पुसट पण खरी पानंही त्यात अडकतात, ती वेळ खर्च करून पाहावीच लागतात. दुसरं, दुरुस्तीच्या पडद्यावर मजकुराशेजारी खात्रीचे आकडे दिसू लागले आहेत. `ठ. सव ना| मर` शेजारी १८, ३१, १० आणि २८ दिसले, की हात आपसूक छायाचित्राकडे वळतो.

चिठ्ठीवरच्या दोन सह्यांपैकी पहिली इतर पानांवरच्या अध्यक्षांच्या सहीशी जुळते. दुसरी सचिवांची असावी असं पाठवणाऱ्यांचं म्हणणं आहे. त्या जागी आमच्या फाइलमध्ये «[सही, वाचता आली नाही]» असं आहे, आणि त्यांचं म्हणणं त्यांच्या नावाने वेगळ्या टिपेत नोंदवलं आहे.